३१ मे सुट्टीत येतो तेव्हा: सेवानिवृत्तीचा निरोप आधीच कसा द्यावा

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मे महिन्याच्या शेवटच्या तारखेला बरेच गुरुजी आणि बाई निवृत्त होतात. कारण सगळ्यांना माहीत आहे. त्या पिढीतल्या अनेकांच्या जन्माची नोंद कुठे नव्हती. शाळेत नाव घालायला आणलं, की दाखल करून घेणारे गुरुजी १ जून ही तारीख टाकत. पुढे तीच तारीख दाखल्यावर आली, तीच सेवापुस्तकात गेली. १ तारखेला जन्मलेला राज्य सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून सगळ्यांचा दिवस ठरला ३१ मे. आणि ३१ मेला शाळेला कुलूप असतं.

त्यामुळे शिक्षकाला निरोप द्यायचा म्हणजे बहुतेक वेळा महिनाभर आधी द्यायचा. त्यात तुमची स्वतःची रजा लग्नसराईत अडकली असेल, तर त्याहूनही आधी. हा लेख अशा आगाऊ निरोपाबद्दल आहे: हाती द्यायचं पत्र, फोनवरचा संदेश आणि या दोन्हींच्या तारखा. समारंभ कसा करावा हा वेगळा विषय आहे.

आधी तीन तारखा कागदावर लिहा

चुका होतात त्या मजकुरात कमी आणि तारखेत जास्त. म्हणून पेन उचलण्याआधी तीन तारखा वेगवेगळ्या लिहून काढा.

पहिली, सेवानिवृत्तीची तारीख. शिक्षक आणि बहुतेक राज्य कर्मचाऱ्यांसाठी ज्या महिन्यात वयाची ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याचा शेवटचा दिवस. गट ड मधल्या कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्या शिपाई मामांसाठी, ६० वर्षे. जन्म १ तारखेचा असेल तर आधीचा महिना धरायचा. १ जून १९६८ चा जन्म असेल तर निवृत्ती ३१ मे २०२६ ला. २ जून १९६८ चा असेल तर ३० जून २०२६ ला, म्हणजे शाळा उघडल्यानंतर, आणि मग आगाऊ निरोपाची गरजच उरत नाही. एका दिवसाच्या फरकाने सगळं गणित बदलतं, म्हणून ‘जूनचा जन्म आहे ना त्यांचा’ एवढ्यावर विसंबू नका. निवृत्तीचा आदेश आला असेल तर त्यावरची तारीख बघा, नाहीतर कार्यालयात विचारून घ्या.

दुसरी, त्यांचा कामावरचा शेवटचा दिवस. ही तारीख निवृत्तीच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते, आणि ती वेगळी आहे म्हणून निवृत्ती अलीकडे येत नाही. ३१ मे २०२६ ला रविवार आहे. तरीही सेवा ३१ मेपर्यंतच धरली जाते. कार्यालयांचं हेच होतं. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे महिनाअखेर शनिवारी किंवा रविवारी आली की पंचायत समितीतल्या लिपिकाचा टेबलावरचा शेवटचा दिवस शुक्रवार ठरतो. ३१ ऑक्टोबर २०२६ ला शनिवार आहे, म्हणजे त्या महिन्यात निवृत्त होणाऱ्यांशी कार्यालयातली शेवटची भेट शुक्रवारी, ३० तारखेला.

शाळेत हा दिवस कोणता? उन्हाळी सुट्टी लागण्याआधी सगळे शिक्षक नक्की एकत्र येतात तो दिवस म्हणजे १ मे. महाराष्ट्र दिनाचं ध्वजवंदन असतं, बऱ्याच शाळांत निकालही त्याच दिवशी वाटतात. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते आणि दहानंतर ऊन बसू देत नाही, त्यामुळे समारंभही सकाळीच उरकतात. म्हणून निरोपाचे कार्यक्रम बहुधा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात किंवा १ मेच्या ध्वजवंदनानंतर ठेवले जातात.

तिसरी, तुमची स्वतःची त्यांच्याशी शेवटची भेट. रजेचा अर्ज सोमवारपासून असला तरी शेवटची भेट शनिवारी होते. त्या शनिवारी ते केंद्रावरच्या बैठकीला जाणार असतील, तर शुक्रवारी. ही तिसरी तारीख कुणी लिहून ठेवत नाही, आणि नेमका तिथेच निरोप राहून जातो.

एक निरोप नाही, दोन

आगाऊ निरोपाचे दोन भाग करा. मनातलं सगळं ज्यात आहे ते पत्र शेवटच्या प्रत्यक्ष भेटीत हाती द्यायचं. आणि निवृत्तीच्या खऱ्या दिवशी दोन ओळींचा संदेश किंवा फोन करायचा.

एकाच निरोपात भागवलं तर काय होतं ते बघा. सगळं २५ एप्रिलला सांगून टाकलं आणि ३१ मेला काहीच नाही, तर सुट्टीत घरी बसलेल्या माणसाचा नोकरीचा शेवटचा दिवस कुणाच्या फोनाशिवाय जातो. समारंभ झालेला असतो, हार घातलेले असतात, पण ३४-३५ वर्षांची नोकरी संपते त्या दिवशी घर शांत असतं. उलट सगळं ३१ मेवर ठेवलं, तर तेव्हा तुम्ही गावी असता, ते मुलाकडे पुण्याला असतात, रेंज नसते, आणि समोर बसून बोलायची संधी आधीच निघून गेलेली असते. मोठं आधी आणि छोटं त्या दिवशी, असं ठेवलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

पत्रात काळ कोणता वापरायचा

आगाऊ पत्राची खरी अडचण ही आहे की ते लिहिलं जातं एका दिवशी, वाचलं जातं दुसऱ्या दिवशी आणि बोलतं तिसऱ्याच दिवसाबद्दल. म्हणून त्यात ‘आज’, ‘उद्या’, ‘या महिन्याअखेर’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘आज आपण सेवानिवृत्त होत आहात’ हे वाक्य २५ एप्रिलला खोटं असतं. ‘३१ मे रोजी आपण सेवानिवृत्त होत आहात’ हे कोणत्याही दिवशी वाचलं तरी खरं राहतं.

आणि पत्र आधी का देत आहात ते पहिल्या दोन वाक्यांतच सरळ सांगा. ‘त्या दिवशी शाळा बंद असेल आणि मी २७ तारखेपासून रजेवर आहे, म्हणून हे आधीच देतो’ एवढं पुरतं. कारण न देता महिनाभर आधी निरोप दिला, तर समोरच्याला वाटतं की आपल्याला घाईने वाटेला लावत आहेत. रजेचं कारण मात्र लांबवू नका. भाचीचं लग्न, आईचं ऑपरेशन, पोरांच्या परीक्षा असा तपशील आला की पत्र त्यांचं राहत नाही, तुमचं होतं.

भूतकाळ जपून वापरा. ते अजून नोकरीत आहेत, हजेरी मांडत आहेत, कदाचित मुख्याध्यापकाचा पदभारही त्यांच्याकडेच आहे. ‘आपण फार शिस्तीचे शिक्षक होतात’ असं लिहिण्यापेक्षा ‘आपल्या वर्गाची शिस्त आम्ही रोज बघतो’ असं लिहा. घडून गेलेला एखादा प्रसंग सांगताना भूतकाळ आपोआप येतो. माणसाचं वर्णन करताना तो टाळा.

याहून गंभीर चूक म्हणजे श्रद्धांजलीची भाषा. ‘कधीही न भरून येणारी पोकळी’, ‘आपल्या आठवणी चिरंतन राहतील’, ‘आपली उणीव सदैव भासेल’ ही वाक्यं वर्तमानपत्राच्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतून येऊन निरोपाच्या पत्रात बसली आहेत. हयात माणसाला ती देऊ नयेत, आणि महिनाभर आधी तर मुळीच नाही. फोनवरच्या तयार चित्रांतही फोटोभोवती झेंडूचा हार आणि खाली दिवा असलेली चौकट असते. सुट्टीतल्या दुपारी अशी चौकट नातेवाईकांच्या फोनवर पुढे गेली, तर भलताच समज होऊन घरी फोन यायला लागतात. चित्र लावायचंच असेल तर शाळेतला साधा फोटो लावा, चौकटीशिवाय.

‘आता मस्त आराम करा’ हेही अजून नको. ३१ मेपर्यंत त्यांच्यामागे ना-देय दाखले, सेवापुस्तकातल्या नोंदी, निवृत्तिवेतनाचे कागद, पदभाराच्या याद्या असतात. कुणाकुणाला सुट्टीतही गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चार चकरा माराव्या लागतात. त्या धावपळीत आरामाच्या शुभेच्छा बोचतात. तो शब्द ३१ मेच्या संदेशासाठी राखून ठेवा.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा आहे. पाचवीच्या वर्गाचे सर १ जून १९६८ चे, म्हणजे निवृत्ती रविवार ३१ मे २०२६. त्यांच्याच शाळेतल्या एका शिक्षकाची रजा सोमवार २७ एप्रिल ते शनिवार २ मे अशी आहे. निरोप समारंभ १ मेला ध्वजवंदनानंतर ठरला आहे. म्हणजे या शिक्षकाची शाळेतली शेवटची भेट शनिवार २५ एप्रिल, सकाळच्या सत्रात.

पत्र २५ तारखेला द्यायचं तर ते आदल्या आठवड्यात लिहून झालं पाहिजे, कारण रजेआधीचे चार दिवस पेपर तपासणे आणि निकालपत्रकं भरण्यात जातात. शनिवार-रविवार, १८ आणि १९ एप्रिलला कच्चा मजकूर लिहावा, मधल्या आठवड्यात एकदा वाचून दुरुस्त करावा आणि शुक्रवारी रात्री स्वच्छ अक्षरात उतरवून काढावा. एक पान बस्स आहे. दोन पानांचं पत्र समोर उभं राहून वाचता येत नाही, मग ते खिशात जातं आणि बाकीच्या कागदांत मिसळतं.

मजकूर असा होऊ शकतो:

> आदरणीय सर,
>
> ३१ मे रोजी आपण सेवानिवृत्त होत आहात. त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे, आणि १ मेच्या कार्यक्रमालाही मी रजेमुळे हजर राहू शकणार नाही. म्हणून हे पत्र आधीच आपल्या हाती देतो.
>
> पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या लेकरांना आपण शाळा भरण्याआधी पाऊण तास घेऊन बसता. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली लेकरं दिवाळीनंतर गळतात, त्यांच्या आजी-आजोबांकडे जाऊन आपण ती परत आणता. मी या शाळेत आलो तेव्हा पटावरची गैरहजेरी म्हणजे लाल शाईची एक खूण, एवढंच मला माहीत होतं. त्या खुणेमागच्या घरी जायचं असतं, हे आपल्याकडे पाहून कळलं. पुढच्या वर्षी तो वर्ग माझ्याकडे आला, तर ती पद्धत मी चालू ठेवीन.
>
> ३१ तारखेला फोन करीनच. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एकदा परिपाठाला या, ही विनंती आहे.
>
> आपला,

या पत्रात कौतुकाचं विशेषण जवळजवळ नाही. दोन कामं आहेत, जी दुसऱ्या कुणा सरांच्या पत्रात चालणार नाहीत. ऊसतोडीसाठी घरं स्थलांतर करतात त्या भागातच हे वाक्य उभं राहतं. तुमच्या पत्रासाठी असंच शोधा: त्यांच्याशिवाय शाळेतलं नेमकं कोणतं काम अडतं? शालेय पोषण आहाराचा हिशेब, विज्ञान प्रदर्शनाची तयारी, पालकांचं भांडण मिटवणं, नळाची तोटी बदलणं, काहीही चालेल. ‘आदर्श, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष’ ही तीन विशेषणं मानपत्रात येणारच आहेत, ती तिथेच राहू द्या.

शेवटचं आमंत्रणही नेमकं ठेवा. ‘येत राहा’ म्हटलं की कुणी येत नाही. परिपाठाला, गॅदरिंगला, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला, असं ठिकाण आणि वेळ दिली की माणूस खरंच येतो.

पत्र देताना मधली सुट्टी निवडा, शाळा सुटायची वेळ नको. सुटताना सगळे गाड्यांकडे पळत असतात. पाकिटावर नाव लिहा आणि ‘सर, मी १ तारखेला नाही, म्हणून हे आजच’ एवढं बोलून द्या. लगेच वाचून दाखवा असा आग्रह नको.

समारंभातली आपली जागा

रजेवर जाताना वर्गणी आधी देऊन टाका. परत आल्यावर देतो म्हटलं की शाल-श्रीफळ आणि पोशाख आणणाऱ्याला खिशातून भरावं लागतं. मानपत्रावर किंवा शुभेच्छापत्रावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या असतील, तर ते तुमच्या जाण्याआधी छापून आलं आहे का ते विचारा. नसेल तर सहीची जागा मोकळी ठेवायला सांगा. मानपत्र छापताना दोन तारखा वेगळ्या ओळींत घ्यायला लावा: सेवापूर्ती ३१ मे २०२६ आणि समारंभ १ मे २०२६. एकच तारीख छापली तर भिंतीवर कायमची चुकीची निवृत्ती लटकत राहते.

समारंभ किंवा भेटवस्तू त्यांच्यापासून लपवून ठेवली असेल, तर तुमच्या पत्रातून ती फुटू नये. वरच्या उदाहरणात कार्यक्रम सगळ्यांना माहीत होता, म्हणून त्याचा उल्लेख आला. नाहीतर ‘१ मेला मी शाळेत नाही’ एवढंच लिहायचं.

भेट झालीच नाही आणि पाकीट दुसऱ्या कुणाकडे ठेवावं लागलं, तर एकाच माणसाला नाव घेऊन जबाबदारी द्या आणि पाकिटावर द्यायची तारीख लिहा. ‘स्टाफरूममध्ये ठेवलंय, कुणीतरी द्या’ असं ठेवलेलं पाकीट जूनमध्ये निकालपत्रकांच्या गठ्ठ्याखाली सापडतं. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी त्या माणसाला फोन करून पाकीट दिल्याची खात्री करा.

ग्रुपवर पहिला निरोप तुमचा नको

शाळेच्या किंवा केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आगाऊ निरोप टाकू नका. एकाने टाकला की अर्ध्या तासात चाळीस जण हात जोडतात, हार पाठवतात, आणि अजून पाच आठवडे कामावर असलेल्या माणसाला सगळ्यांनी निरोप देऊन टाकलेला असतो. मग ३१ मेला ग्रुप गप्प, कारण प्रत्येकाला वाटतं की आपलं झालं. पुढे त्यांनी ग्रुपवर कामाची सूचना टाकली, तर तीही कुणी मनावर घेत नाही. तुमचं पत्र हाती किंवा त्यांच्या स्वतःच्या नंबरवर द्या. ग्रुपवरचा संदेश त्या दिवशी, मुख्याध्यापकांनी किंवा केंद्रप्रमुखांनी सुरुवात केल्यावर.

३१ मेचा संदेश

पत्रातलं पुन्हा लिहू नका. ‘सर, आज आपली सेवा पूर्ण झाली. २५ एप्रिलला दिलेल्या पत्रातला शब्द न् शब्द आजही तसाच. आता थोडे दिवस निवांत राहा.’ इथे ‘आज’ चालतं, कारण हा संदेश त्याच दिवशी जातो. निवृत्ती त्या दिवसाच्या उत्तरार्धात होते, म्हणून संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराची वेळ चांगली. तेव्हा ऊनही उतरलेलं असतं आणि फोन उचलला जातो.

आपण विसरू अशी भीती असेल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये ३१ मे संध्याकाळी ५ ची आठवण लावा आणि मजकूर त्यातच लिहून ठेवा. ईमेलने पाठवणार असाल तर जीमेलमध्ये वेळ ठरवून ठेवता येते: मोबाईलवर मेल लिहून झाल्यावर वरच्या तीन टिंबांत, संगणकावर पाठवण्याच्या बटणाशेजारच्या बाणात `Schedule send` आहे. ठरवलेला मेल `Scheduled` मध्ये दिसतो. एक सावधगिरी: नंतर एखादा शब्द बदलायला तो मेल उघडून पाठवणं रद्द केलं, तर तो मसुदा होऊन बसतो. वेळ पुन्हा ठरवली नाही तर तो कधीच जात नाही.

वेळ लावून ठेवलेल्या मेलचा पत्ता त्यांचा स्वतःचा हवा, शाळेचा किंवा कार्यालयाचा नको. शाळेचा मेल सुट्टीत कुणी उघडत नाही. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीतून कुणी नोकरी सोडत असेल, तर हे दुप्पट लागू आहे, कारण तिथला मेल शेवटच्या दिवशीच बंद होऊ शकतो. राजीनाम्याच्या बाबतीत तारीखही हलते: शिल्लक रजा नोटिशीत धरली की शेवटचा दिवस अलीकडे येतो. शिवाय राजीनाम्याची गोष्ट सगळ्यांना कळलेली असेलच असं नाही. तिथे आधी त्यांनाच विचारा, ‘सांगितलंय का सगळ्यांना?’, आणि मगच निरोपाचं काही लिहा.

वेळ लावलेला संदेश तब्येतीच्या किंवा घरच्या वाईट बातमीच्या दिवशी जाऊन पडू नये, म्हणून ३० तारखेला एकदा तो उघडून बघा आणि त्यांच्या घरी सगळं ठीक आहे ना, याचा कुणाकडून तरी अंदाज घ्या.

१ जूनला वाढदिवसाच्या शुभेच्छा जोडायचा मोह होतो. थांबा. ही तारीख अनेकांसाठी फक्त दाखल्यावरची आहे, आणि खरा जन्म चैत्रातला, श्रावणातला, ‘दुष्काळाच्या साली’ असा कुठला तरी असतो. घरी १ जूनला वाढदिवस करतात हे माहीत असेल तरच शुभेच्छा द्या.

निवृत्त होणाऱ्याचं उत्तर लगेच आलं नाही तर दुसरा संदेश टाकू नका. त्या दिवशी नातेवाईक असतात, फोन सतत वाजत असतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या तयारीसाठी जाल, तेव्हा वाटेत त्यांच्या घरी दहा मिनिटं थांबा.